सलूनवाल्याचा डावा गाल

कात्रीबाईंशी रस्त्यात बोलत उभं राहावं आणि त्यांचं लक्ष आपल्या बोलण्याकडे असेल असं समजावं, तर आपण भोळे. आपण आपल्या गुडघेदुखीचं रडगाणं लावलेलं असतं आणि बाई बघत असतात आपल्या कडा. केस भुरभुरताहेत की चापूनचोपून बसलेत, ओढणी जाळीची आहे की जाड, चपलेतून अंगठा बाहेर डोकावतोय की आत आहे. मग मध्येच म्हणतात, "तुम्हाला कापायला वेळ लागेल हो." ज्याला त्यांचा धंदा माहीत नाही तो दोन पावलं मागे सरकतो.

धंदा असा की, एका फोटोतला अख्खा माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत कापायचा आणि दुसऱ्या फोटोत नेऊन उभा करायचा. ज्यांना रजा मिळाली नाही, ज्यांची गाडी चुकली, जे रुसून घरी बसले, अशा सगळ्यांना बाईंनी आजवर मांडवात, अंगणात, कारखान्याच्या फाटकासमोर आणून सोडलेलं आहे. रुसलेल्यांना परत आणायचं काम घरच्यांना जमत नाही, बाईंना तासाभरात जमतं.

स्टुडिओ बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. पुढच्या खोलीत मालक पासपोर्टचे फोटो काढतात आणि आलेल्या प्रत्येकाला "हसू नका" म्हणून बजावतात. मागच्या खोलीत कात्रीबाई कॉम्प्युटरपुढे बसून हसत असतात, त्यामुळे पुढचा माणूसही हसतो आणि मालकांचा फोटो बिघडतो. हे भांडण दोघांचं वर्षानुवर्षं चालू आहे आणि दोघांनाही ते मिटायला नको आहे.

बाई या धंद्यात आल्या तेव्हा खरीखुरी कात्री होती. छापलेल्या फोटोतून माणूस कापायचा, कडा मागून घासून पातळ करायच्या, डिंकानं चिकटवायचा, वरून ब्रशनं रंगाचा हात फिरवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. नाव तेव्हाच पडलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका मामांना लग्नाच्या फोटोत बसवलं आणि पाय कापलेल्या कागदावरच विसरून आल्या. मामा वधूच्या बाजूला हवेत तरंगत राहिले. लग्नघरच्यांनी फोटो परत केला नाही, उलट पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवला. बाईंना त्या दिवशी कळलं की या कामात चूक झाली तरी लोक जेवायला बोलावतात, आणि त्यांनी हे काम धरलं ते धरलंच.

पण एका बाबतीत बाई खडूस. माणसाच्या अंगावरच्या खुणांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या, पाहुणे आणि घरचे. मुरूम, डास चावल्याची गांधी, दाढी करताना कापलेलं, उन्हानं उठलेलं पुरळ, हे पाहुणे. हे आठ दिवसांत आपणहून जायचेच असतात, म्हणून बाई त्यांना न विचारता वाटेला लावायच्या. तीळ, जन्मखूण, जुना व्रण, गोंदवलेलं, हे घरचे. घरच्यांना ज्याचं अंग त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हल्लीची यंत्रं चेहरा दिसला की आधी पुसायलाच घेतात, म्हणून बाई ते बटण पहिल्यांदा बंद करतात. त्यांच्या स्वतःच्या हातावर लहानपणी गोंदवलेला एक पोपट आहे. वयोमानाप्रमाणे तो इतका सुटलाय की लोक त्याला वांगं समजतात. कुणी म्हणालं की हे काढून टाका, तर बाई म्हणतात, "इतकी वर्षं खाऊनपिऊन वाढवलाय, आता कुठे घालवू?"

तर अशा या बाईंच्या नियमाला एका दुपारी तडा गेला.

दोन फोटो घेऊन एक तरुण मुलगी आली. बँकेत नोकरी करणारी, नीटनेटकी, बोलता बोलता डोळे भरून येणाऱ्यांपैकी. पहिला फोटो घरच्यांचा होता. गच्चीवर वडील, आई, मोठा भाऊ आणि ती स्वतः. आई आणि ती यांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी, आणि आईचा हात त्या जागेकडे किंचित पुढे आलेला.

"इथे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा मधला भाऊ. त्यानंच फोटो काढलाय," मुलगी म्हणाली. "दरवेळी तोच काढतो, म्हणजे त्याला फोटोत यायला नको. आईनं जागा धरून ठेवली होती, पण तो आलाच नाही. शनिवारी आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. रविवारी मोठा दादा परत परदेशी जाणार. सगळे पुन्हा कधी एकत्र येऊ कुणास ठाऊक. आमच्या घरात एकही फोटो असा नाही, ताई, ज्यात आम्ही सगळे आहोत."

दुसरा फोटो तिनं चोरून काढलेला. मधला भाऊ त्याच्या सलूनच्या दारात रस्त्याकडे बघत उभा. चांगला रुंद खांद्यांचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात कंगवा. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेली जांभळट जन्मखूण. उजव्या हाताच्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, निळ्या शाईत गोंदवलेलं 'आई'.

"गालावरचा डाग तेवढा काढून टाका," मुलगी म्हणाली. "त्याच्यामुळेच तो फोटोला घाबरतो. एकदा स्वतःला डागाशिवाय बघेल, तर खूश होईल. मोठा दादा म्हणतो हातावरचंही काढा, त्याला फोटो ऑफिसच्या टेबलावर ठेवायचाय."

"त्याला विचारलंत?"

"त्याला कळता कामा नये. कळलं तर नाही म्हणेल."

बाईंनी नियम सांगितला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या खोलीतून मालक खाकरले. कुणी रडायला लागलं की मालकांना खोकला येतो, आणि त्या खोकल्याचा अर्थ 'हो म्हणा' असा असतो हे बाईंना ठाऊक होतं. तेवढ्यात मुलीच्या फोनवर वडिलांचा निरोप वाजला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: "डाग ठेवा, काढा, मला काही नाही. पण मी त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे हे फोटोत दिसलं पाहिजे. तो मानत नाही." बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या हो म्हणून बसल्या.

काम सोपं नव्हतं, म्हणूनच बाईंना ते आवडलं. एकतर ऊन. गच्चीवरचं ऊन फोटोच्या डावीकडून येत होतं, सलूनच्या दारातलं उजवीकडून. मधल्याला आहे तसा उभा केला असता तर एकाच गच्चीवर दोन सूर्य उगवले असते. अशा वेळी या धंद्यातले लोक एक जुनी युक्ती करतात, माणूस आडवा पलटवतात. आरशात दिसेल तसा. उजवीकडचं ऊन डावीकडे येतं आणि सगळं जुळतं. बाईंनीही तेच केलं. पलटवल्यावर शर्टाचा खिसा उजव्या छातीवर गेला, तो कंगव्यासकट उचलून डावीकडे आणला. बटणांची पट्टी बदलली. असल्या गोष्टींत बाई सहसा फसत नाहीत.

त्याआधीच त्यांनी दोन्ही खुणा झाकल्या होत्या. कॉम्प्युटरवर हे काम थरांनी होतं. मूळ फोटोला धक्का न लावता त्याच्यावर जणू पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्या कागदावर दुरुस्ती करायची. कागद उचलला की खालचं जसंच्या तसं. डाग झाकायचा म्हणजे रंग फासायचा नाही, नाहीतर गाल दारासारखा दिसतो. शेजारची कातडी घ्यायची, तिच्यावरची छिद्रं आणि दाढीचे खुंट तसेच ठेवायचे, गालाचा उतार मोडू द्यायचा नाही. हातावरच्या अक्षरांवरून जाताना हातावरचे केस राखायचे, कारण माणसं शाई विसरतात पण गुळगुळीत हात बघून दचकतात. मग पायाखाली सावली, सावलीला गच्चीचा पिवळटपणा, आणि उंची वडिलांपेक्षा बरोबर दोन बोटं कमी. काम असं सुरेख उतरलं की बाईंनी मालकांना आत बोलावलं आणि मालकही हसले, आणि पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो बिघडला.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर हळूहळू पावलं वाजली आणि एक म्हाताऱ्या बाई फोटोची गुंडाळी घेऊन वर आल्या. फोटोतल्या आई. लेकीनं फोटो घरात लपवून ठेवला होता, पण त्या घरात आईला सापडत नाही असं काही नव्हतं.

"फोटो छान आहे," आई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "माझा मुलगा कुठंय?"

"मावशी, हा काय, तुमच्या शेजारी."

"हा कुणीतरी देखणा माणूस आहे. मी ह्याला ओळखत नाही. माझ्या मुलाच्या गालावर डाग आहे, हातावर माझं नाव आहे. हा कुणाचा का असेना, चांगल्या घरचा दिसतो, पण मी त्याला माझ्या शेजारी कशाला उभा करून घेऊ?"

बाईंना इतका आनंद झाला की काय सांगावं. आपला नियम मोडायला लावणाऱ्या जगाला एका आईनं चपराक दिली होती. त्यांनी मावशींना चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि त्यांच्यासमोरच झाकणारे दोन थर बंद केले. एक कळ दाबली, डाग परत आला. दुसरी दाबली, अक्षरं परत आली, पण उलटी. माणूस पलटवलेला, म्हणजे त्याच्या हातावरचं नावही पलटलेलं. "थांबा हं," म्हणत बाईंनी तेवढी अक्षरं वेगळी कापली, सुलटी केली, मनगटाच्या गोलाईवर पुन्हा बसवली, केसांच्या खाली सरकवली. आणि एवढी मोठी चूक वेळेत पकडली म्हणून स्वतःवर खूश होऊन फोटो छापायला पाठवला. अक्षरं ओरडून सांगतात आम्ही उलटी आहोत म्हणून, गाल बिचारा काही बोलत नाही.

मावशींनी नवा फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बघितला. चष्मा पुसून परत बघितला.

"आता आहे का तुमचा?" बाईंनी विचारलं.

"आहे," मावशी म्हणाल्या. "पण नाहीये. कुणीतरी त्याची नक्कल करतंय असं वाटतं."

मालकही आत आले. तिघं मिळून फोटो बघू लागले. नाक तेच, कान तेच, डाग तोच, नाव तेच. मग मावशींनी एक गंमतच केली. खुर्चीतून उठल्या, उजवा हात वाकवला आणि कडेवर मूल घ्यावं तशा उभ्या राहिल्या.

"सगळ्या बायका डाव्या कडेवर घेतात," त्या म्हणाल्या. "मी ह्याला उजव्या कडेवर घ्यायचे. म्हणजे डागाचा गाल माझ्या गालाशी, लोकांना दिसायला नको. सासूबाई चिडायच्या, कामाचा हात अडकवून ठेवतेस म्हणून. मग एकदा वाटलं, मी कशाला लपवतेय? माझंच मूल. त्या दिवशी कड बदलली आणि बाजारात फिरवून आणला." बोलता बोलता त्यांनी तळहात हवेतच एका गालावर ठेवला, मग फोटोकडे पाहिलं. "हा गाल नव्हे. दुसरा."

कात्रीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. खिसा हलवला, बटणं हलवली, अक्षरं सुलटी केली, आणि माणूस तसाच उलटा ठेवला. गाल बदलला होता, हातही बदलला होता. आयुष्यभर 'घरच्यांना हात लावू नका' म्हणून सांगणाऱ्या बाईंनी घरच्यांची बिऱ्हाडंच हलवून टाकली होती. त्यांना लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण लाजेच्या आधी हसू आलं. मालकांना आलं, मावशींना आलं. चहावाला कप न्यायला आला तो काही न कळताच हसू लागला.

हसून झाल्यावर अडचण उरली. माणूस सुलटा करावा तर ऊन चुकतं, ऊन जुळवावं तर गाल चुकतो. डाग आणि नाव उचलून पलीकडच्या बाजूला डकवता आलं असतं, पण गालाचा आकार, भांग, किंचित वर असलेली एक भुवई, सगळं मेलं उलटंच राहिलं असतं, आणि ही आई पुन्हा जिना चढून आली असती. उपाय एकच होता. मधल्याचा नवा फोटो, डावीकडून ऊन घेऊन.

"तो उभा राहायचा नाही," मावशी म्हणाल्या. हसू आता मावळलं होतं. "शाळेत होता तेव्हापासून नाही. मी हात जोडले तरी नाही. शनिवारनंतर ते राहूनच जाईल बघा."

"मी विचारते," बाई म्हणाल्या. "आधीच विचारायला हवं होतं."

सलून स्टुडिओपासून दोन गल्ल्यांवर होतं. एक लांबट खोली, एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, समोर खुर्च्या, मागची भिंत कोरी. मधला एका पोस्टमनच्या गालांना फेस लावत होता. बाकावर दोघं नंबर लावून बसले होते. बाईंनी चुकीचा फोटो गुंडाळून आणला होता. शिव्या खायच्याच आहेत तर पुरावा बरोबर असावा, असा त्यांचा हिशेब.

त्यांनी सगळं सांगितलं. बहीण, चोरून काढलेला फोटो, झाकलेला डाग, परत आणलेला डाग. मधला ऐकत होता आणि त्याचा चेहरा कडक होत चालला होता. मग त्यांनी फोटो उलगडला.

तो पुढे झाला. ब्रश हातातच. फोटोकडे बघत राहिला, आणि बाईंना वाटलं आता हा फाडतोय.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"हो ना, पण..."

"नाही ताई, तुम्हाला कळत नाहीये. हा खरंच मी आहे. असा माझा फोटो आयुष्यात कधी आला नाही."

फेसाळलेल्या पोस्टमननं मान वळवून बघितलं. "हुबेहूब," तो म्हणाला. बाकावरचे दोघंही उठून आले आणि म्हणाले, अगदी तुम्हीच, डोळ्यातली मिस्किली सुद्धा. बाई चक्रावल्या. ज्या फोटोला जन्मदात्या आईनं नाकारलं, तो इथे एकमतानं पास होत होता. त्यांनी फोनवर बहिणीनं काढलेला मूळ फोटो काढला, न पलटवलेला, आणि त्याच्यापुढे धरला.

मधल्यानं नजर फिरवली. "हा तो दुसरा."

"कोण दुसरा?"

तो थोडा वेळ पोस्टमनच्या गालावर उगाचच ब्रश फिरवत राहिला. मग सांगायला लागला. "शाळेत वर्गाचा फोटो काढला होता. सगळ्यांना आपापला चेहरा सापडला. मला माझ्या जागी एक वाकडा मुलगा दिसला. डाग होता, पण माझा नव्हता. मला वाटलं, आरसा माझी समजूत काढतो, आणि लोकांना मी असा दिसतो. डागाचं मला काही नाही हो ताई. दिवसभर आरशापुढे उभा असतो, हा डाग मला कधी खुपला नाही. मला तो फोटोतला माणूस नको असतो."

इथे कात्रीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या खोलीच्या मधोमध गेल्या. "डाग कुठल्या गालावर आहे?" त्यांनी पोस्टमनला विचारलं.

"माझा?"

"यांचा."

पोस्टमननं आरशात बघितलं. "हा काय, ह्या बाजूला. डावीकडे."

"आता मागे वळून बघा."

पोस्टमन खुर्चीतल्या खुर्चीत वळला. फेस उडाला. त्यानं मधल्याच्या तोंडाकडे समोरासमोर बघितलं, परत आरशात बघितलं, परत वळला. "अरेच्या," तो म्हणाला. "हा तर उजवीकडे आहे." बाकावरचे दोघंही एकदा आरशात, एकदा माणसाकडे असे माना फिरवू लागले. पोस्टमन या खुर्चीत केस पांढरे होईपर्यंत बसत आला होता आणि आज पहिल्यांदा त्यानं आपल्या सलूनवाल्याचं तोंड सरळ पाहिलं होतं. "बरं दिसतंय हो हेही," तो म्हणाला, जणू नवीन ओळख झाली.

मग एकच गोंधळ उडाला. ज्यानं त्यानं एकमेकांचे तीळ आणि भांग तपासायला घेतले. एकाला आपला भांग चुकीच्या बाजूला आहे असं वाटू लागलं. बाई सांगत होत्या की आरसा आपल्याला पलटवून दाखवतो, कॅमेरा पलटवत नाही. आपण आपल्याला आरशातून ओळखतो आणि जग आपल्याला समोरून. प्रत्येकाच्या घरात ही भानगड आहे, फक्त बाकीच्यांचे दोन्ही गाल सारखे म्हणून ती कळत नाही. मधला ऐकत होता. त्याच्या तोंडावर एक विचित्र हसू फुटत होतं, कुणी खूप जुनं कुलूप उघडून दिल्यासारखं.

"म्हणजे तो दुसरा," तो हळूच म्हणाला, "दुसरा नाही."

"तो तुम्हीच. समोरून."

"आणि आई कोणता बघते?"

"समोरचाच. तिनं तो कडेवर घेतलाय." बाईंनी मावशींचा उजवा हात, सासूबाईंचा राग आणि बाजारातली फेरी, सगळं सांगितलं.

मधल्यानं ब्रश खाली ठेवला. डाव्या गालावर हात नेला, पण आरशात न बघता. "हे तिनं मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. बाकावरच्या दोघांनी उगाच वर्तमानपत्र उघडलं. मग तो म्हणाला, "तिला तिचा गाल द्या ताई. डाग ठेवा, नाव ठेवा. कुठे उभा राहू?"

पोस्टमनची दाढी अर्धीच राहिली. मालकांना कॅमेऱ्यासकट बोलावणं गेलं. सलूनच्या दारात त्या वेळी ऊन नेमकं हव्या त्या बाजूनं येत होतं. पण कॅमेरा समोर आला आणि मधला खांबासारखा ताठ झाला. खांदे वर, ओठ आवळलेले, डोळ्यांत शाळेतला मुलगा. मालकांनी सवयीनं "हसू नका" म्हटलं, त्यानं आणखी पंचाईत झाली. शेवटी बाईंनी मानेमागचे केस दाखवायचा मोठा हातआरसा उचलला आणि तो हातात देऊन पोस्टमनला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं केलं. मधल्याला आपला ओळखीचा चेहरा दिसला. शेजारी अर्ध्या तोंडाला फेस असलेला पोस्टमनही दिसला. खांदे खाली आले, भुवई वर गेली, आणि मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा हसणाऱ्या माणसाचा फोटो न कुरकुरता काढला.

पुढचं काम बाईंनी गुणगुणत केलं. या खेपेला पलटवापलटव नाही. गच्चीच्या पिवळ्या उजेडाशी माणसाचा रंग जुळवताना जांभळी खूण मातकट व्हायला लागली, तेव्हा तेवढ्यापुरता हात आखडता घेतला, नाहीतर जन्मखुणेची जखम झाली असती. निळी अक्षरं हिरवट होऊ दिली नाहीत. मोठ्या भावाचा पुन्हा निरोप आला, हातावरचं काढलंत ना म्हणून. बाईंनी उत्तर पाठवलं: ज्याचा हात त्यानं ठेवा म्हटलंय. तिकडून उलट निरोप आला: बरोबर आहे त्याचं. बहीण येऊन रडली, या वेळी मालकांना खोकला आला नाही. वडिलांची दोन बोटं शाबूत होती.

शनिवारी फोटो घरी गेला. मावशींनी उघडला, आणि चष्मा लावायच्या आधीच म्हणाल्या, "आला."

एक प्रत सलूनमध्ये आली, बाई स्वतः घेऊन आल्या. मधल्यानं ती हातात घेतली, सरळ बघायचा प्रयत्न केला आणि कसनुसा हसला. "कळतंय हो, हा मीच. पण रोज बघायचं म्हणजे सवय व्हायला वेळ लागेल." बाईंनी हातोडी मागितली, खिळा मागितला, आणि फोटो मागच्या कोऱ्या भिंतीवर, आरशाच्या बरोबर समोर ठोकला.

त्या दुपारी मावशी सलूनमध्ये आल्या. लेकाचं दुकान इतक्या वर्षांत त्यांनी आतून नीट पाहिलं नव्हतं. बाकावर बसल्या, आरशाकडे पाठ करून, भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करून. खुर्चीत एक नवं गिऱ्हाईक होतं, समोरच्या आरशात बघत. त्याला आरशात मागचा फोटो दिसला.

"घरचे का?" त्यानं विचारलं.

"घरचे," मधला म्हणाला, आणि कंगव्याच्या टोकानं आरशातच दाखवू लागला. "हे बाबा. हा मोठा दादा. ही छोटी. ही आई."

"आणि हा, आईशेजारचा?"

मधल्यानं कंगवा आरशातल्या त्या माणसापाशी नेला. गाल ओळखीचा होता, भुवई ओळखीची होती. मागे त्याची आई भिंतीकडे बघत बसली होती, आणि तिलाही तो तिच्या ओळखीचाच दिसत होता.

"हा मी," तो म्हणाला.